घरात फोन एकच, गेम लेकराचा: गेममधल्या खरेदीच्या मंजुरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेलूला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सोयाबीनचे पैसे खात्यावर आले की पंधरा-वीस दिवसांत एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. हातात पासबुक, मागे मान खाली घातलेलं लेकरू, आणि तक्रार एकच, "गेमनं पैसे कापले." त्यांना काउंटरवर जे सांगतो तेच इथे लिहून ठेवलंय. सगळं अँड्रॉइड फोनला धरून आहे, कारण आपल्याकडे घरभर फिरणारा फोन बहुतेक तोच असतो. सेटिंगची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच दिली आहेत. फोनची भाषा मराठी केली असेल तर ती मराठीत दिसतील, क्रम साधारण तोच राहील.

गेम तर फुकट आहे. मग पैसे कशाचे?

फुकट आहे तो गेम फोनवर उतरवून घेणं. आतले हिरे, नाणी, बंदुकीचे रंग, कपडे, आठवड्याचा पास हे सगळं विकत असतं. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाजवळ बारीक अक्षरात `In-app purchases` असं लिहिलेलं दिसलं, की आत दुकान आहे असं समजा.

आम्ही मंजुरी दिलीच नाही, तरी पैसे गेले कसे?

दिली होती, पण कधी दिली ते तुमच्या लक्षात नाही. प्ले स्टोअरमधून गेमची वस्तू घेताना पैशाच्या वाटेवर दोन कुलपं असतात. पहिलं प्ले स्टोअरचं. "खरेदी करणारा या अकाउंटचा मालकच आहे का?" एवढंच ते विचारतं. दुसरं बँकेचं, म्हणजे यूपीआयचा पिन किंवा कार्डाचा ओटीपी. दोन्ही कुलपं ठणठणीत असतात. अडचण किल्लीची असते. फोन एकाचा असेल तर किल्ली त्याच्याच डोक्यात राहते. घरात फिरणाऱ्या फोनचा पिन आईला, बापाला, लेकराला आणि कधीकधी शेजारच्या पोरालाही पाठ असतो. म्हणून सेटिंग करण्याआधी मी एकच विचारतो, "कोणाला काय काय माहीत आहे?" पहिलं उत्तर नेहमी "कोणालाच नाही" असं येतं. मग मी लेकराकडे बघतो.

प्ले स्टोअरचं कुलूप कुठे असतं?

प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमच्या फोटोच्या किंवा नावाच्या अक्षराच्या गोलावर दाबा, `Settings` मध्ये जा. तिथे `Purchase verification` असं नाव मिळेल. जुन्या आवृत्तीत हेच `Require authentication for purchases` या नावाने आहे. उघडलं की तीन पर्याय दिसतात: दर खरेदीला विचार, दर ३० मिनिटांनी विचार, कधीच विचारू नको. पहिला निवडा. निवड कायम करताना गूगलचा पासवर्ड मागितला तर तो तुम्ही स्वतः टाका, लेकराला टाकायला लावू नका.

मधला पर्याय बऱ्याच जणांना बरा वाटतो. रोज रोज कोण पासवर्ड टाकणार! पण खरी गोम तिथेच आहे. तुम्ही स्वतःसाठी काही घेतलं, पासवर्ड टाकला आणि फोन लेकराच्या हातात दिला, तर पुढचा अर्धा तास प्ले स्टोअर काही विचारत नाही. याच अर्ध्या तासावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गूगलविरुद्ध कारवाई केली होती, आणि २०१४ मध्ये गूगलने पालकांना किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करायचं मान्य केलं. पर्याय आजही यादीत आहे, निवडायचा की नाही ते तुमच्या हातात.

खास लहान मुलांसाठी म्हणून ठेवलेल्या गेमसाठी प्ले स्टोअर तुमची निवड काहीही असली तरी विचारतंच. पण आपली लेकरं खेळतात ते बंदुकीचे गेम त्या गटात येत नाहीत, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. हे सेटिंग त्या फोनवरच्या त्या अकाउंटपुरतं असतं. फोनमध्ये बापाचं एक, शाळेच्या कामासाठी काढलेलं दुसरं आणि जुन्या फोनवरून आलेलं तिसरं अशी तीन जीमेल अकाउंटं असतील, तर गोलावर दाबून प्रत्येकात जा आणि तिन्हीकडे करा.

पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो. बोटाचा ठसा चालेल का?

फोन तुमचा एकट्याचा असता तर मीच ठसा लावून दिला असता. सगळ्यांच्या फोनवर नको. कारण साधं आहे. फोन उघडायला सोयीचं म्हणून त्यात घरातल्या चौघांचे ठसे घेतलेले असतात, आणि ठसा कोणाच्या बोटाचा आहे यात फोन भेद करत नाही. फोनमध्ये साठवलेलं कुठलंही बोट त्याला मालकाचं वाटतं. लेकराचा अंगठा लागला की खरेदी मंजूर. फोनच्या लॉकच्या नक्षीचंही तसंच, ती तर पाहुण्यांनाही माहीत असते. म्हणून त्याच पानावर ठशाने किंवा फोनच्या लॉकने ओळख पटवण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा आणि फक्त गूगलचा पासवर्ड ठेवा.

ठसाच हवा असेल तर फोनच्या सुरक्षेच्या सेटिंगमधून लेकराचा ठसा आधी काढावा लागेल. तसं केलं की लेकरू प्रत्येक वेळी फोन उघडून मागायला येतं. दोन दिवसांत आई वैतागते आणि ठसा परत घेतला जातो. हे मी बघितलंय.

गूगलचा पासवर्ड आम्हाला माहीतच नाही. अकाउंट दुकानदाराने काढून दिलं होतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात आमच्या धंद्याचाही वाटा आहे. नवा फोन घेतला की काउंटरवरचं पोरगं दोन मिनिटांत जीमेल काढतं, पासवर्ड म्हणून गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढे १२३ टाकतं, आणि तो कुठे लिहूनही देत नाही. मग दर खरेदीला पासवर्ड मागणारं कुलूप लावून काय उपयोग? एक तर तो कोणालाच येत नाही, नाहीतर लेकरू पहिल्याच अंदाजात ओळखतं.

आधी पासवर्ड बदला. फोनच्या `Settings` मध्ये `Google`, मग स्वतःच्या अकाउंटचं पान, तिथे सुरक्षेच्या भागात पासवर्ड बदलायची जागा आहे. जुना आठवत नसेल तर विसरल्याचा पर्याय दाबा, ओळख पटवायला बहुतेक वेळा नोंदवलेल्या नंबरवर कोड येतो. नवा पासवर्ड वहीवर लिहा आणि ती वही कपाटात ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये नको. हसू नका, मी कव्हरमधून चिठ्ठ्या काढल्या आहेत.

यालाही मर्यादा आहे. कोड त्याच फोनवर येत असेल तर आठवी-नववीतलं चलाख पोरगं तोच रस्ता धरून पासवर्ड बदलू शकतं. तसं झालं तर पासवर्ड बदलल्याची सूचना जीमेलवर येते, आणि तुमचा वहीतला पासवर्ड चालेनासा होतो. ही खूण लक्षात ठेवा.

`Parental controls` चालू करून त्याला पिनही दिलाय. एवढं पुरे ना?

नाही. नावामुळे फसगत होते. ते सेटिंग वयाप्रमाणे छाटणी करतं, म्हणजे मोठ्यांसाठीचे गेम आणि अॅप नव्याने उतरवू देत नाही. आधीच उतरवलेल्या गेममधली खरेदी ते अडवत नाही. ते चालू ठेवायला हरकत नाही, पण पैशाचं काम `Purchase verification` करतं. दोन्ही पानं वेगळी आहेत.

यूपीआयला तर पिन लागतोच. मग प्लेच्या सेटिंगची भानगड कशाला?

मागच्या हंगामातली एक गोष्ट सांगतो, नाव-गाव सोडून. जिंतूरकडचे एक आजोबा आले. फोन घरात एकच, मुलगा-सून कामाला बाहेर, नातू सहावीत. खात्यातले १,९३८ रुपये गेलेले. आजोबांचं म्हणणं, "पिन फक्त मलाच येतो." नातवाला बाहेर बसवून मी त्यांना विचारलं, किराणा दुकानात पैसे देताना पिन कोण टाकतं? ते म्हणाले, "चष्मा नसला की बारीक दिसत नाही, मी आकडा सांगतो, लेकरू टाकतं."

मग प्ले स्टोअरचा हिशोब काढला. गोलावर दाबून `Payments & subscriptions`, त्यात `Budget & history`. पहिली खरेदी २९ रुपयांची, "फक्त आज" असं म्हणणारी. मग ८९ रुपयांच्या सहा, म्हणजे ५३४. मग ४४९ च्या दोन, म्हणजे ८९८. या नऊ खरेद्यांचे १,४६१ झाले, आणि प्रत्येक वेळी पिन टाकला गेला होता. उरलेले ४७७ एका साप्ताहिक पासाचे, १५९ रुपये तीन आठवडे. त्याच्या पहिल्या हप्त्याला पिन पडला होता, पुढच्या दोन हप्त्यांना कोणीच काही टाकलं नव्हतं. ते ऑटोपेने गेले.

म्हणजे बँकेचं कुलूप फुटलं नव्हतं. किल्ली आजोबांनीच दिली होती, तीही किराण्यासाठी. अशा घरात प्ले स्टोअरचं कुलूप हाच एक अडसर उरतो, कारण त्याची किल्ली किराणा दुकानात लागत नाही. गूगलचा पासवर्ड रोजच्या व्यवहारात कोणी मागत नाही, म्हणून तो लेकराला कळायचं कारणही नसतं. आम्ही तो पासवर्ड सुनेकडे ठेवला, आजोबांकडे नाही. आणि यूपीआयचा पिनही त्याच दिवशी बदलला.

कार्डाचं आणखी अवघड आहे. ओटीपी त्याच फोनवर येतो, वरच्या पट्टीत दिसतो, लेकरू वाचतं आणि टाकतं. आपल्याला वाटतं बँक मालकाला विचारते. बँक फोनला विचारते. म्हणून सगळ्यांच्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये कार्ड साठवून ठेवूच नये. `Payments & subscriptions` मध्ये `Payment methods` उघडलं की काय काय जोडलंय ते दिसतं आणि तिथूनच ते काढायची वाट आहे.

रागाने गेमच काढून टाकला, तरी दर आठवड्याला पैसे कापतात. हे कसं काय?

आजोबांच्या घरीही हेच झालं होतं. गेम काढला म्हणून पास बंद होत नाही. पास हा तुमच्या अकाउंटचा आणि प्ले स्टोअरचा करार आहे, गेम फोनवर असो वा नसो. `Payments & subscriptions` मध्ये `Subscriptions` उघडा, पासावर दाबा, रद्द करा. यूपीआयच्या अॅपमध्येही ऑटोपेच्या यादीत तो दिसतो आणि तिथेही थांबवता येतो. पण आधी प्ले स्टोअरमधून रद्द करा, म्हणजे मूळच बंद होतं.

असे हप्ते पिनशिवाय जातात यात चोरी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तशी सूचना यावी लागते. ती आलेली असते. घरच्या फोनवर अशा सूचना बहुतेक वेळा गेम खेळणाराच वर सरकवून टाकतो.

पैसे परत मिळतात का?

काही मिळतात, लवकर आलात तर. खरेदीला ४८ तास झाले नसतील तर थेट गूगल प्लेकडे परतावा मागता येतो. `Budget & history` मध्ये ती खरेदी उघडा. तिचा ऑर्डर नंबर `GPA.` ने सुरू होतो. परताव्याच्या अर्जात घरच्या माणसाने चुकून खरेदी केली असं कारण असतं, ते निवडा. जे झालं तेच लिहा. ४८ तास उलटले की गेम बनवणाऱ्या कंपनीकडे अर्ज करायचा, आणि तिथे परतावा द्यायचा की नाही हे तिच्या धोरणावर.

आजोबांच्या दोन ४४९ पैकी एक आदल्या संध्याकाळची होती, ती परत मिळाली. दुसरी सहा दिवसांपूर्वीची, ती नाही. म्हणून माझं सांगणं असं, की आधी लेकराला मारत बसू नका, आधी अर्ज करा. घाबरलेलं लेकरू पहिलं काम करतं ते संदेश पुसण्याचं, आणि त्यात तुमचे दोन दिवस जातात.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा का, असंही विचारतात. बाहेरच्या कोणी फसवून पैसे नेले असतील तर ताबडतोब करा. घरच्या लेकराने पिन टाकला असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा नाही, तसं दाखवू नका. "हिरे स्वस्तात देतो" म्हणून कोणी व्हॉट्सअॅपवर पैसे घेऊन गायब झाला असेल तर मात्र ती फसवणूक आहे, आणि तो व्यवहार प्ले स्टोअरच्या बाहेरचा असल्याने वरचं एकही सेटिंग त्याला लागू पडत नाही.

खात्याला हात लागू नये म्हणून लेकराला १०० रुपयांचा प्लेचा कोड घेऊन दिला. हे बरं ना?

एका अर्थी बरं, कारण खर्चाला बांध राहतो. पण कोड टाकला की ते पैसे प्ले स्टोअरच्या शिलकीत जातात, आणि शिलकीतून खरेदी करताना बँक मध्ये येतच नाही. ना पिन, ना ओटीपी. तिथे प्लेचं एकच कुलूप असतं. दर खरेदीला पासवर्ड लावलेला असेल तर तुम्ही शेजारी बसून १०० रुपये खर्च करू देऊ शकता. नसेल तर ते पाच मिनिटांत संपतात.

`Budget & history` मध्ये महिन्याचं बजेट ठरवता येतं, त्यावर मात्र भरवसा ठेवू नका. ते फक्त सांगतं, अडवत नाही.

फॅमिली लिंक लावून द्या म्हणतात. लावू का?

लेकराला स्वतःचं वेगळं गूगल अकाउंट आणि वेगळा फोन असेल तर जरूर. मग त्याने खरेदीवर दाबलं की विनंती तुमच्या फोनवर येते, तुम्ही हो किंवा नाही म्हणता. पण घरात फोनच एक, अकाउंटही बापाचं, तर विनंती जाणार कुठे? मागणारा आणि देणारा एकाच पडद्यावर. त्यापेक्षा वरचं पासवर्डचं कुलूप साधं आणि पक्कं.

आम्ही ऊसतोडीला जातो. फोन गावाकडे म्हाताऱ्यांजवळ राहतो. लांबून काय करता येईल?

निघायच्या आधी पासवर्ड बदलून तुम्ही बरोबर न्या, म्हाताऱ्यांना सांगू नका. खरेदीला पासवर्ड लागला तर लेकराला तुम्हालाच फोन करावा लागेल, म्हणजे मंजुरी आपोआप तुमच्या हातात राहते. पासवर्ड फोनवरून तोंडी सांगितलात की मात्र तो गेला, मग परत बदला.

याहून मोठी गोष्ट खात्याची. ज्या खात्यावर पीएम-किसानचे, लाडक्या बहिणीचे किंवा पीक विम्याचे पैसे येतात ते खातं त्या फोनच्या यूपीआयला जोडलेलंच नसावं. घरखर्चासाठी दुसरं छोटं खातं जोडा, त्यात हजार-दोन हजार ठेवा. यूपीआय लाइट चालू असेल तर बंद करा, त्यातले छोटे व्यवहार पिन न विचारताच होतात.

पैशाचे गेम सरकारने बंद केले ना? मग हे चालू कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये झालेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर आहे. हिरे विकत घेऊन कपडे बदलण्यात जिंकायला काही नसतं, फक्त खर्च असतो. तो चालूच आहे.

सेटिंग लागलं की नाही हे ओळखायचं कसं?

प्ले स्टोअरची शिल्लक शून्य आहे हे आधी बघा. मग गेम उघडा आणि सगळ्यात स्वस्त वस्तूवर दाबा. खालून प्ले स्टोअरची पट्टी वर येईल, तिच्यावर किंमत आणि पैसे देण्याचं बटण असेल. बटण दाबल्यावर गूगलचा पासवर्ड मागितला तर कुलूप लागलं. मागे या, पैसे जात नाहीत. पासवर्ड न मागता सरळ यूपीआयच्या पिनचा पडदा आला तर सेटिंग त्या अकाउंटला लागलेलं नाही, बहुतेक दुसऱ्या जीमेलवर केलं असणार. पिन टाकू नका, मागे या आणि पट्टीवर कोणाचा ईमेल दिसत होता ते पाहून त्या अकाउंटमध्ये पुन्हा करा. ही तपासणी लेकरू शाळेत असताना करा.